मंद ओव्हन, आटलेला टोमॅटो

कमी आचेच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवले की टोमॅटो गोड होतात, हे विधान इटालियन, फ्रेंच, अमेरिकन अशा सगळ्या पाकपुस्तकांत सापडतं आणि आता मराठी पाककृतींतही येऊ लागलं आहे. पदार्थ खाऊन पाहिला तर ते खरंही वाटतं. पण घरी करून पाहिलेल्या अनेकांचा अनुभव उलटा असतो: चार तास वीज जाळून हाती येतो तो गडद, चिवट आणि दात आंबवणारा टोमॅटो. कृती तीच, ओव्हनही तसाच, मग एकाकडे गोड आणि दुसऱ्याकडे आंबट का? ओव्हन टोमॅटोत गोडवा घालत नाही. तो फक्त पाणी काढून नेतो आणि बाकी जे असेल ते सगळं मागे ठेवतो, आंबटपणासुद्धा. हे एकदा लक्षात आलं की तापमान, वेळ, तेल, मीठ, साखर यांबद्दलचे बरेचसे वाद आपोआप सुटतात.

साधा हिशेब करून पाहू. बाजारातला ताजा टोमॅटो म्हणजे सुमारे ९५ टक्के पाणी. एक किलो टोमॅटोत घनपदार्थ फक्त ५० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली साखर साधारण ३० ग्रॅम. ही साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जवळपास निम्मीनिम्मी. आम्लं चार-साडेचार ग्रॅम, त्यात मुख्य सायट्रिक, म्हणजे लिंबात असतं तेच. आता हा किलोभर टोमॅटो आटवून ३५० ग्रॅमवर आणला, तर साखरेचं प्रमाण ३ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर जातं. दोन चमचे साखर घातलेल्या कपभर चहात साखर सहा-सात टक्के असते, म्हणजे गोडी त्याच्याही पुढे गेली. पण त्याच वेळी आम्लही ०.४५ टक्क्यांवरून सव्वा टक्क्याच्या वर चढतं. सायट्रिक आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही. लिंबाच्या रसात ते पाच-सहा टक्के असतं, म्हणजे आटलेल्या टोमॅटोचा आंबटपणा लिंबाच्या पाव हिश्शापर्यंत पोहोचला.

साखर आणि आम्ल यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र सुरुवातीला जेवढं होतं तेवढंच शेवटी राहतं. पाणी गेल्यानं ते बदलत नाही, कितीही तास भाजलं तरी. पिकलेल्या टोमॅटोत स्टार्चही जवळपास नसतो, त्यामुळे उष्णतेनं फुटून नवी साखर तयार होईल असा साठाच त्याच्याकडे नाही. उलट शेवटच्या टप्प्यात कडा तपकिरी होतात तेव्हा थोडी साखर खर्चच होते. म्हणून जो टोमॅटो कच्चा असताना गोडाकडे झुकलेला आहे, तो आटल्यावर ठसठशीत गोड लागतो. जो आंबट आहे, तो अधिक आंबट लागतो.

मग मुळात बऱ्यापैकी समतोल असलेला टोमॅटोही भाजल्यावर नक्की गोडाकडे झुकलेला का वाटतो? याचं उत्तर जिभेपेक्षा नाकात जास्त आहे. ताज्या टोमॅटोला हिरवट, पाल्यासारखा वास असतो आणि तो आंबटपणाची जाणीव वाढवतो. हे हिरवे गंध पटकन उडणारे असतात, पहिल्या तासातच ओव्हनच्या बाहेर येतात. त्यांच्या जागी शिजलेल्या, जॅमकडे झुकणाऱ्या, किंचित मधाळ वासाचे पदार्थ तयार होतात. वासामुळे गोडी वाढल्यासारखी वाटते, ही केवळ समजूत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ताज्या टोमॅटोंच्या अनेक जाती लोकांना चाखायला देऊन दाखवलं, की काही गंधद्रव्यं साखरेचं प्रमाण न बदलता टोमॅटो अधिक गोड भासवतात. तो अभ्यास भाजलेल्या टोमॅटोचा नव्हता, पण नाक गोडी ठरवतं हे त्यातून स्पष्ट झालं, आणि भाजण्यानं नेमकं नाकाकडचंच चित्र बदलतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्लुटामेट. मांसाच्या रश्श्याला किंवा मुरलेल्या चीजला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव येते ती यामुळे. टोमॅटोत ते नैसर्गिकरीत्या भरपूर असतं, पण सगळीकडे सारखं नसतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी शेफ हेस्टन ब्लूमेंथाल यांच्यासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ते बाहेरच्या मांसल भागापेक्षा तिपटीहून जास्त सापडलं. अनेक पाककृती सांगतात की आधी बिया आणि गर काढून टाका, म्हणजे टोमॅटो लवकर आटेल. लवकर आटतो हे खरं, पण टोमॅटोचा सर्वांत चविष्ट भाग कचऱ्यात जातो. तीच गत मिठाची. कापलेल्या टोमॅटोला मीठ लावून अर्धा तास ठेवला, सुटलेलं पाणी फेकलं आणि मग भाजला, तर पाण्याबरोबर साखर, आम्ल आणि ग्लुटामेट सगळंच फेकलं जातं. ओव्हन फक्त पाणी नेतो, गाळणी सगळंच नेते. बिया नकोशा वाटत असतील तर भाजून झाल्यावर काढाव्यात. त्याची सोय आपल्या स्वयंपाकघरात आहेच, तिच्याकडे पुढे येतो.

पाणी काढून चव राखण्याची ही युक्ती ओव्हनपेक्षा जुनी आहे. सिसिलीत ऑगस्टच्या उन्हात टोमॅटोचा गाळलेला गर मीठ घालून लाकडी फळ्यांवर पातळ पसरतात, दिवसातून अनेकदा हलवतात, आणि काही दिवसांनी विटकरी-तपकिरी रंगाचा घट्ट गोळा उरतो. त्याला ते ‘स्त्रात्तू’ म्हणतात. चमचाभर स्त्रात्तू मोठ्या पातेलीभर रश्श्याला पुरतो. दक्षिण इटलीतल्या पुलियात अर्धे कापलेले टोमॅटो मीठ लावून उन्हात वाळवतात. फ्रान्समधल्या रेस्टॉरंटांनी हीच गोष्ट ओव्हनमध्ये आणली: सोललेले टोमॅटो, तेल, थाइम, मीठ, चिमूटभर साखर आणि नव्वद-शंभर अंशांत कित्येक तास. ऊन असो वा ओव्हन, सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे पाणी उकळू न देता घालवायचं. फरक इतकाच, की उन्हात कडा भाजत नाहीत, आणि ओव्हनमध्ये भाजता येतात.

आता तापमान. उपलब्ध कृती पाहिल्या तर त्यांचे ढोबळ चार गट पडतात. नव्वद-शंभर अंशांवर सहा ते आठ तास, ११० ते १२० वर तीन-चार तास, १५० वर दोन-अडीच तास, आणि २०० च्या वर पाऊण तास. शेवटचा गट खरं तर मंद भाजण्यात मोडतच नाही. त्यात टोमॅटोचा कडेचा भाग करपतो, मधला भाग रसरशीत राहतो. त्याचीही चव चांगली, पण ती वेगळी गोष्ट.

कमी तापमानाच्या कृतींत एक वाक्य हमखास असतं: टोमॅटोतली साखर हळूहळू कॅरमलाइज होते. शंभर अंशांवर हे जवळपास होत नाही. टोमॅटोची साखर दोन प्रकारची. त्यातलं फ्रुक्टोज सुमारे ११० अंशांपासून, ग्लुकोज त्याहून बरंच वर, दीडशेच्या आसपास कॅरमल होऊ लागतं, आणि तेही कोरडं असताना. ओव्हनची कळ ११० वर असली तरी टोमॅटो स्वतः तितका तापलेला नसतो. ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि ते उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून जोवर तो ओला आहे तोवर त्याचं तापमान ओव्हनच्या कितीतरी खाली, उकळबिंदूच्याही खाली राहतं. फक्त कडा, साल आणि ट्रेवर सांडलेला रसाचा पातळ थर लवकर कोरडे होतात आणि तिथे खरे तपकिरी बदल घडतात. त्यांत कॅरमलपेक्षा जास्त वाटा साखर आणि अमिनो आम्लं यांच्या आपसातल्या अभिक्रियेचा असतो. पोळीवर डाग पडतात तेही याच अभिक्रियेमुळे. टोमॅटोच्या आंबट वातावरणात ती संथ चालते, म्हणून वेळ लागतो. शंभरपेक्षा कमी तापमानावर ती इतकी मंद होते की सात-आठ तासांनंतर टोमॅटो छान आटतो, पण त्याचा वास वाळलेल्याकडे जातो, भाजलेल्याकडे नाही.

दीडशेवर उलट अडचण येते. कडा आणि ट्रेवरचा रस इतक्या लवकर कोरडा होतो, की मधलं पाणी जायच्या आत त्या काळ्या पडतात. काळी पडलेली साखर कडू असते, आणि सॉसमध्ये चार-पाच काळ्या कडा मिसळल्या तरी तो कडूपणा सगळीकडे पसरतो. म्हणून सॉससाठी माझा कौल ११० ते १२० अंशांना आहे. त्यात पाणी आणि तपकिरीपणा यांचा वेग साधारण जुळतो: आटत आल्यावरच कडा रंग धरतात.

पण कळीवरचा आकडा आणि आतली उष्णता यांत फार फरक असू शकतो. घरगुती ओटीजीत वीस-पंचवीस अंशांची चूक नवलाची नाही, शिवाय वरचा रॉड चालू असला की वरच्या थरातलं तापमान आणखी चढतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तो एकदा ठेवून पाहावा. शक्य असेल तर फक्त खालचा रॉड आणि पंखा चालू ठेवावा. पंखा महत्त्वाचा आहे, कारण बंद ओव्हनमध्ये वाफ साठली की टोमॅटो आटत नाही, उकडतो. पंखा नसेल तर दर अर्ध्या-पाऊण तासानं दार क्षणभर उघडून वाफ जाऊ द्यावी. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवरही हे जमतं, पण त्याची पोकळी लहान असल्यानं वाफ लवकर साठते, तिथे दार उघडण्याचं पथ्य जास्त पाळावं लागतं.

टोमॅटो कुठला घ्यावा, हा प्रश्न खरं तर सर्वांत आधीचा. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून शहरांत येणारे बहुतेक टोमॅटो जाड सालीचे, घट्ट, लांबच्या प्रवासाला टिकणारे संकरित वाण असतात. ते पूर्ण लाल व्हायच्या आधी तोडलेले असतात. घरी ठेवले की लाल होतात, पण झाडापासून तुटल्यावर त्यांत साखर फारशी वाढत नाही, कारण साखर पानांकडून येते. त्यामुळे लाल रंग पाहून गोडीचा अंदाज बांधता येत नाही. मांसल असल्यानं ते भाजायला सोयीचे, पण त्यातले काही लॉट सपक तर काही आंबट निघतात. गावरान, खापे पडलेले टोमॅटो चवीला धारदार आणि रसाळ, त्यामुळे आटायला वेळ घेतात आणि आंबट होण्याचा धोका त्यांत सर्वाधिक. सार आणि भाजीला ते फार चांगले, सॉससाठी एकटे वापरू नयेत. पॉलिहाउसमधले चेरी टोमॅटो महाग पडतात, पण त्यांतली साखर साध्या टोमॅटोच्या दीडपट ते दुप्पट असू शकते. किलोभर साध्या टोमॅटोत पाव किलो चेरी मिसळले तर निकालात स्पष्ट फरक पडतो.

सगळ्यांत भरवशाची चाचणी म्हणजे घेण्याआधी एक कापून खाणं. कच्चा टोमॅटो मिठाशिवाय खाल्ल्यावर गोडसर वाटला तर तो भाजण्यालायक. अचूक मोजायचं असेल तर नाशिककडचे द्राक्ष बागायतदार घडातली गोडी पाहायला जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तोच इथे चालतो. टोमॅटोच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकला की ब्रिक्सचा आकडा दिसतो. बाजारातल्या साध्या टोमॅटोचा चार ते पाच येतो. पाचच्या वर असेल तर मंद भाजणं सार्थकी लागेल, चारच्या खाली असेल तर त्या टोमॅटोची चटणी करावी. मात्र ब्रिक्समध्ये साखरेबरोबर आम्ल आणि क्षारही मोजले जातात, त्यामुळे जीभ बाजूला ठेवून फक्त आकड्यावर विसंबू नये.

फ्रिजबद्दलही एक शब्द. ताजा खायचा टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नये, हे सर्वपरिचित आहे, आणि फ्लोरिडातल्याच संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की थंडीत काही दिवस राहिल्यावर टोमॅटोची गंधद्रव्यं घटतात, पण साखर आणि आम्ल फारसे बदलत नाहीत. त्याचा अर्थ माझ्या मते असा, की फ्रिजमध्ये राहिलेला टोमॅटो कोशिंबिरीला कमी प्रतीचा ठरला तरी भाजण्याला तितकासा बिघडत नाही. त्याचे जे गंध हरवले ते ओव्हननं तसेही घालवलेच असते.

आता एक किलोचं उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तीस लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये मध्यम आकाराचे बारा-तेरा टोमॅटो, म्हणजे पंचवीसेक अर्धे, एकमेकांना न चिकटता बसतात. याहून जास्त भरले तर ते एकमेकांच्या वाफेत उकडतात. लांबट टोमॅटो उभे कापावेत, देठाकडचा कठीण भाग काढावा, कापलेली बाजू वर ठेवावी. कापलेली बाजू खाली ठेवायला सांगणाऱ्या कृतीही आहेत. त्यात साल पटकन सुटते, पण रस खाली अडकतो आणि आटणं लांबतं. ट्रे स्टीलचा, एनॅमलचा किंवा काचेचा असावा, किंवा ट्रेवर बटर पेपर अंथरावा. उघडा अॅल्युमिनियम ट्रे आणि फॉइल टाळावं, चार तास आम्लाच्या संगतीत त्याला बारीक छिद्रं पडतात आणि सॉसला धातूची चव येते.

वरून दोन मोठे चमचे तेल. ऑलिव्हच हवं असं नाही, शेंगदाण्याचं किंवा तिळाचंही चालतं, फक्त मोहरीच्या तेलाचा वास टोमॅटोवर मात करतो. मिठाचं मात्र भान ठेवावं, कारण मीठही उडून जात नाही. किलोला एक सपाट चमचा, सुमारे पाच ग्रॅम, सुरुवातीला फार कमी वाटतं, पण शेवटी उरलेल्या ३५० ग्रॅममध्ये ते जवळजवळ दीड टक्का होतं आणि सॉससाठी तेवढं पुरे. साखर घालावी का? किलोभर टोमॅटोत आधीच तीसेक ग्रॅम साखर आहे. त्यात एक चमचा म्हणजे आणखी पाच ग्रॅम घातली तर साखर आणि आम्ल यांचं प्रमाण खरोखर बदलतं, जे ओव्हन कधीच बदलू शकत नाही. म्हणून आंबट टोमॅटोला थोडी साखर किंवा किसलेला गूळ घालण्यात कमीपणा नाही, आणि चांगल्या टोमॅटोला ती नको. काही हॉटेलांत आंबटपणा मारायला खायचा सोडा घालतात. त्यानं आम्ल उदासीन होतं हे खरं, पण चिमूट जराशी जास्त झाली की साबणासारखी चव उरते. मी तो घालत नाही.

लसूण सुरुवातीपासून सोलून ठेवला तर तीन तासांत कडू तपकिरी होतो. पाकळ्या सालीसकट ठेवाव्यात, साल त्यांचं रक्षण करते आणि आतला गर मऊ, पसरवता येण्याजोगा होतो. वाळलेली तुळस, ओरेगॅनो शेवटच्या अर्ध्या तासात.

कधी थांबायचं हे घड्याळ नीट सांगत नाही, वजनकाटा सांगतो. टोमॅटो, तेल, मीठ घालून ट्रेचं वजन लिहून ठेवावं. मध्ये काट्यावर लाकडी फळी ठेवून तिच्यावर गरम ट्रे ठेवता येतो. वजन ६५० ग्रॅमनं घटलं की सॉसची अवस्था आली. काटा नसेल तर तीन खुणा आहेत. टोमॅटोची पोकळी पहिल्या तास-दीड तासात रसानं भरते, मग रिकामी होऊ लागते. पोकळीत रस उरला नाही आणि बोटानं दाबल्यावर गर ओलसर पण घट्ट लागला की मधलं पाणी गेलं. ट्रेवरचा रस आधी लाल असतो, मग विटकरी आणि चिकट होतो; तो तपकिरी झाला की पुढची वीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आणि वास: हिरवट वास गेल्यावर शिजलेला, मग मधाळ वास येतो. त्या मधाळ वासात जळकी छटा मिसळली की ट्रे लगेच बाहेर काढावा. सगळे तुकडे एकदम तयार होत नाहीत. मागच्या भिंतीजवळचे आधी होतात, ते काढून घ्यावेत आणि बाकीचे ठेवावेत.

सॉस करताना मिक्सर लावला तर बिया चिरडतात, हवा मिसळते आणि गडद लाल रंगाचा फिका केशरी होतो. त्याऐवजी बारीक जाळीच्या पुरणयंत्रातून फिरवावं. साल आणि बिया वर राहतात, गर खाली पडतो, आणि ट्रेला चिकटलेला रस दोन चमचे गरम पाण्यानं सोडवून त्यातच घालावा, कारण सगळ्यात घट्ट चव तिथे आहे. हाच सॉस पास्त्याला घातला तर वेगळं काही शिजवावं लागत नाही.

सूपचा प्रश्न मात्र वेगळा आहे. टोमॅटो आटवायचा आणि मग सूपसाठी त्यात पुन्हा पाणी घालायचं, तर मधल्या चार तासांचा उपयोग काय? समजा एक किलोचे ३५० ग्रॅम केले आणि सूपसाठी ६५० मिलिलिटर पाणी घातलं. साखर पुन्हा तीन टक्क्यांवर, आम्लही पहिल्याइतकंच. आटवून मिळालेला गोडवा पाण्यात परत गेला. उरतो तो फक्त वासाचा फरक. तो खरा आहे आणि चांगला आहे, पण तो मिळवायला इतकं आटवायची गरज नाही. म्हणून सूपसाठी माझं मत असं, की १४०-१५० अंशांवर दीड-दोन तास भाजावं, वजन निम्म्यावर आलं की थांबावं, आणि मग पाण्याऐवजी चव असलेलं काही घालावं: भाज्यांचा किंवा चिकनचा स्टॉक, किंवा आपल्याकडच्या टोमॅटोच्या साराप्रमाणे नारळाचं दूध. नारळाचं दूध स्वतः गोडसर आणि स्निग्ध असल्यानं आम्लाची धार झाकतं. सारासाठी भाजलेला टोमॅटो गाळून नारळाच्या दुधात घालताना गॅस मंद ठेवावा, उकळी आली तर दूध फुटतं. वरून तूप, जिरं, कढीपत्त्याची फोडणी नेहमीसारखी. गूळ या साराला बहुतेक वेळा लागत नाही.

इथे गॅसवर आटवण्याशी तुलना टाळता येत नाही. तेच ६५० ग्रॅम पाणी रुंद स्टीलच्या कढईत अर्ध्या-पाऊण तासात उडतं. पाणी वाफ करायला लागणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच, या प्रमाणाला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर. पण ओव्हनच्या भिंती, काच, दार यांतून चार तास उष्णता निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्ष वीज त्याच्या कित्येक पट जाते. साखर आणि आम्ल दोन्ही पद्धतींत सारखेच आटतात. मार्चेला हझान यांच्या प्रसिद्ध सॉसमध्ये टोमॅटो, लोणी आणि अर्धा कापलेला कांदा पाऊण तास गॅसवर शिजतात, आणि तो सॉस कुणालाही आंबट वाटत नाही, कारण लोण्याची स्निग्धता आम्लाची धार कमी करते. मग ओव्हन कशाला? कढईत घट्ट होत आलेला गर तळाला लागतो, सतत ढवळावा लागतो, आणि भांड्यातला रस ओला राहिल्यानं कडांचा भाजका वास येत नाही. ओव्हनमध्ये तुकडे आख्खे राहतात, ढवळावे लागत नाहीत आणि तो वास मिळतो. ज्यांना तो वास हवा आहे त्यांच्यासाठी ओव्हन, बाकीच्यांसाठी रुंद कढई पुरेशी आहे. खर्च वाचवायचा असेल तर ओव्हन दोन ट्रेनं भरावा, किंवा केक-पाव भाजून झाल्यावर तापलेल्या ओव्हनमध्ये टोमॅटो घालावेत.

टिकवण्याबाबत मात्र तडजोड नको. भाजलेले टोमॅटो लसणासकट तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवण्याची पद्धत फोटोंत सुंदर दिसते आणि ती धोकादायक आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि लसणासारख्या जमिनीखालच्या, आंबट नसलेल्या भाजीवर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. ते ओव्हनच्या या तापमानात मरत नाहीत. हवाबंद, आंबट नसलेल्या जागी ते वाढून विष तयार करतात, आणि त्या विषाला ना वास असतो ना चव. कॅनडात व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये तशीच घटना पुन्हा घडली. टोमॅटो आंबट असला तरी त्याचा सामू ४.६ च्या सुरक्षित मर्यादेच्या अगदी जवळ असतो, काही पिकलेले टोमॅटो ती ओलांडतातही. म्हणून भाजलेले टोमॅटो तेलाखाली साठवू नका. लसूण असेल तर फ्रिजमध्ये चार दिवसांत संपवा, आणि जास्त केले असतील तर सपाट डब्यांत भरून थेट फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ते काही महिने चांगले राहतात.